फॉर्म भरला, मेसेज पोचला, उत्तर मात्र नाही: सांगलीतल्या एका सोलर चौकशीचं प्रकरण

रविवारी रात्री पावणेअकराच्या सुमारास वेबसाइटवरून एक फॉर्म आला. नाव, मोबाइल नंबर, गाव सांगली, महिन्याचं लाइट बिल ‘2000 ते 3000’ या गटातलं. शेवटच्या मोकळ्या रकान्यात रोमन लिपीत एक मराठी ओळ होती: मीटर वडिलांच्या नावावर आहे, 3 किलोवॅटला सबसिडी जाऊन किती पडेल?

आमची कंपनी घरांच्या छतावर सोलर बसवते आणि वेबसाइटवरून येणाऱ्या चौकशा माझ्याकडे असतात. या गृहस्थांचं नाव इथं देत नाही, त्याची गरजही नाही.

फॉर्म पाठवल्यावर मिनिटभरात, वेबसाइट बनवणाऱ्याने लावून दिलेला ठरावीक मेसेज त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर गेला. तो इंग्रजीत होता. सुरुवातीला आभार, मग कंपनीची ओळख, आणि मग मागण्यांची यादी: मागच्या बारा महिन्यांची बिलं, मंजूर भार किती, छताचे फोटो, घराचं लोकेशन, भेटीसाठी सोयीची वेळ. खाली ब्रोशरची पीडीएफ. मेसेजवर दोन राखाडी टिक आल्या. सोमवार गेला, मंगळवारची दुपार झाली, उत्तर नाही.

विक्री बघणाऱ्या सहकाऱ्याने त्याच्या सवयीप्रमाणे पुढचा मेसेज तयार ठेवला होता. ‘सर, आमचा मेसेज पाहिलात का?’ आणि त्यानंतरचा, ‘सर, ऑफर या महिनाअखेरपर्यंतच आहे.’ हे दोन्ही मी थांबवले. त्यात सभ्यतेचा प्रश्न नव्हता. पहिल्या मेसेजमुळे जे अडलं होतं, ते या दोन्हींमुळे सुटणार नव्हतं. ज्याने आपल्याला प्रश्न विचारला आहे, त्याला ‘तुम्ही उत्तर का देत नाही’ असं विचारणं मुळातच उलटं आहे. उत्तर आपण देणं लागतो.

इथे एक गैरसमज बाजूला ठेवायला हवा. विक्रीच्या प्रशिक्षणांत एक आकडा नेहमी ऐकवला जातो. 2011 मध्ये हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूत आलेल्या एका अभ्यासात असं दिसलं होतं की ऑनलाइन चौकशी आल्यावर तासाभरात संपर्क करणाऱ्या कंपन्यांना त्या ग्राहकाशी कामाचं बोलणं होण्याची शक्यता, आणखी एक तास उशीर करणाऱ्यांच्या जवळपास सातपट होती. अभ्यास अमेरिकेतल्या कंपन्यांचा होता. त्याच्या जोरावर आमच्याकडे आपोआप जाणारा मेसेज बसवला गेला आणि सगळ्यांना वाटलं की काम झालं. पण त्या अभ्यासातला संपर्क म्हणजे माणसाने माणसाशी साधलेला संपर्क. यंत्राने मिनिटभरात धाडलेली मागण्यांची यादी त्यात बसत नाही. आणि पहिल्या मेसेजला उत्तर आलं नाही तर दुसऱ्यात काय लिहावं, याबद्दल तो आकडा काहीच सांगत नाही. तिथे घाईपेक्षा वाचन कामाला येतं.

म्हणून आधी फॉर्म नीट वाचला. त्यातून बरंच कळत होतं.

रविवारी रात्री पावणेअकरा, म्हणजे नोकरी किंवा दुकान सांभाळून घरची कामं रात्री उरकणारा माणूस. फॉर्म सबसिडीच्या पानावरून आलेला, पॅनेलच्या किंवा कंपनीच्या माहितीच्या पानावरून नव्हे. म्हणजे कुठली कंपनी निवडायची, या टप्प्यावर ते अजून आलेले नाहीत. आपल्याला हे परवडेल का आणि आपल्या घराला मिळेल का, एवढंच त्यांना बघायचं आहे. भाषा मराठी, तीही फोनच्या इंग्रजी कीबोर्डवरून. अशा माणसाला इंग्रजी मेसेज कळत नाही असं नाही, पण तो बँकेच्या आणि लोनवाल्यांच्या मेसेजसारखा दिसतो आणि बोटाने वर सरकतो.

सगळ्यांत मोलाची ती मोकळ्या रकान्यातली ओळ. नाव आणि नंबर भरावेच लागतात, बिलाचा गट निवडल्याशिवाय फॉर्म पुढे जात नाही. पण मोकळा रकाना कोणी सक्तीने भरत नाही. तिथे माणूस लिहितो ती त्याची खरी अडचण असते, आणि आमच्या ठरावीक मेसेजने नेमकी तिच्याकडेच पाठ फिरवली होती. त्यांनी दोन गोष्टी विचारल्या. आम्ही एकीचंही उत्तर न देता उलट पाच गोष्टी मागितल्या.

त्या पाच गोष्टींतही गंमत होती. महावितरणच्या एका बिलाच्या फोटोत ग्राहक क्रमांक असतो, मीटर कोणाच्या नावावर ते असतं, मंजूर भार असतो आणि मागच्या महिन्यांचा वापरही छापलेला असतो. म्हणजे पहिल्या दोन मागण्या एका फोटोत भागतात. छताचे फोटो आणि लोकेशन भेट ठरल्याशिवाय लागतच नाहीत. रात्री अकरा वाजता बारा महिन्यांची बिलं कोण शोधत बसेल? ‘उद्या पाठवू’ म्हणून फोन खाली ठेवला जातो, आणि तो उद्या येत नाही. शांततेचं हे सर्वांत साधं कारण असतं आणि बहुतेकदा खरंही तेच असतं: नकार नसतो, आपण त्यांना घरचा अभ्यास दिलेला असतो.

दुसऱ्या मेसेजआधी टिकांचा अर्थ लावणं गरजेचं होतं, कारण त्यावर पुढची वाट ठरते. एकच राखाडी टिक दिवसभर राहिली तर फोन बंद आहे, त्या नंबरवर व्हॉट्सअ‍ॅप आता चालू नाही, किंवा आपल्याला ब्लॉक केलं आहे. अशा वेळी पुन्हा व्हॉट्सअ‍ॅपच करत राहणं व्यर्थ; साधा फोन करावा, आणि फॉर्ममध्ये नंबरचा एखादा आकडा चुकला नाही ना, तेही बघावं. दोन राखाडी टिक म्हणजे मेसेज फोनवर पोचला, पण उघडला नाही, किंवा वाचल्याची खूण बंद ठेवली आहे. निळ्या टिक म्हणजे मेसेज उघडला, आणि त्याचा अर्थ एवढाच. निळ्या टिक पाहून ‘वाचून गप्प बसले’ असं रागाने म्हणणारे सहकारी मी पाहिले आहेत. माणूस बसच्या रांगेत मेसेज उघडतो आणि बस येते, इतकं ते साधं असतं.

आमच्याकडे दोन राखाडी होत्या. अनोळखी नंबरवरून आलेला लांब इंग्रजी मजकूर न उघडताही अर्धा दिसतो, आणि दिसलेल्या पहिल्या दोन ओळींत फक्त आभार आणि कंपनीचं नाव होतं. उघडण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. म्हणून दुसऱ्या मेसेजची पहिली ओळच त्यांच्या प्रश्नावर असायला हवी, हे ठरलं.

मग हिशेब. ‘2000 ते 3000’ हा गट फार सैल आहे, पण त्यातूनही काही काढता येतं. घरगुती वीज पहिल्या 100 युनिटपर्यंत स्वस्त आणि त्यापुढे 300 पर्यंत जवळपास दुप्पट दराची. वहन आकार, स्थिर आकार आणि वीज शुल्क धरून त्या वेळच्या दरांनी हे बिल साधारण 190 ते 260 युनिटांचं होत होतं. आपल्याकडे 1 किलोवॅट सोलर दिवसाला सरासरी 4 युनिट धरतात, म्हणजे महिन्याला 120. पावसाळ्यात कमी, मार्च-एप्रिलला जास्त. 2 किलोवॅट म्हणजे 240, 3 किलोवॅट म्हणजे 360.

म्हणजे या घराला 2 किलोवॅट बहुधा पुरेल. मग 3 का विचारले? कारण पीएम सूर्यघर योजनेच्या जाहिरातीत 78 हजारांचा आकडा ठळक असतो आणि तो 3 किलोवॅटला मिळतो. फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या या योजनेत पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी 30 हजार आणि तिसऱ्याला 18 हजार अशी सबसिडी आहे. त्यापुढे किलोवॅट वाढवले तरी 78 हजारच. लोक सबसिडीच्या बाजूने मागे मोजत येतात. पण गरजेपेक्षा मोठी सिस्टिम बसवली तर जादा वीज नेट मीटरमधून ग्रीडला जाते, पुढच्या महिन्यांत वळती होते, आणि वर्षअखेर उरलेल्या युनिटांना मिळणारा भाव फारच कमी असतो.

विक्रीच्या नजरेने पाहिलं तर 3 किलोवॅट मागणाऱ्याला 2 पुरेल सांगणं म्हणजे स्वतःची ऑर्डर लहान करणं. सहकाऱ्याचं म्हणणं तेच होतं. माझा हिशेब वेगळा होता. ज्याने अजून एक शब्दही लिहिलेला नाही, त्याची ऑर्डर लहान झाली की मोठी हा प्रश्न नंतरचा. कमी घ्या म्हणणारा विक्रेता त्याला दुसरीकडे सहसा भेटत नाही, आणि तेवढ्यासाठीच तो उत्तर लिहितो.

दुसरा प्रश्न नाजूक होता. सबसिडीचा अर्ज महावितरणच्या ग्राहक क्रमांकावर होतो, म्हणजे मीटर ज्याच्या नावावर आहे त्या ग्राहकाच्या नावे, आणि पैसे त्याच्याच बँक खात्यात येतात. मीटर वडिलांच्या नावावर आहे. वडील हयात असतील तर अर्ज त्यांच्याच नावाने सरळ होतो. वारले असतील तर आधी मीटरचं नाव बदलावं लागतं: मृत्यूचा दाखला, घराच्या मालकीचा कागद, इतर वारस असतील तर त्यांची संमती. आपल्या भागात गेलेल्या माणसाच्या नावावर वर्षानुवर्षं मीटर चालू असणारी घरं गल्लोगल्ली सापडतात. बिल भरलं जातंय तोवर कोणाचं काही अडत नाही. सबसिडीची वेळ आली की अडतं.

आता अनोळखी माणसाला ‘वडील आहेत का’ असं कसं विचारायचं? तेही व्हॉट्सअ‍ॅपवर, पहिल्याच बोलण्यात? आणि न विचारता वडील हयात आहेत असं धरून लिहिलं, ते नसले, तर आणखी वाईट. म्हणून प्रश्न असा मांडला की दोन्ही बाबतींत तो तसाच चालावा आणि त्याचं उत्तर एका शब्दात देता यावं. मंगळवारी रात्री आठच्या सुमारास हा मेसेज गेला, देवनागरीत, त्याच नंबरवरून:

‘नमस्कार सर, रविवारी तुम्ही 3 किलोवॅटचा खर्च आणि वडिलांच्या नावावरच्या मीटरबद्दल विचारलं होतं. दोन्हींबद्दल सांगते. मी सांगलीच्या सोलर ऑफिसमधून.

खर्च: तुमचं बिल 2 ते 3 हजार, म्हणजे अंदाजे 190 ते 260 युनिट. एवढ्याला 2 किलोवॅट पुरेल असं वाटतं. आमचा दर सुमारे 1 लाख 40 हजार, सबसिडी 60 हजार, तुम्हाला शेवटी पडतील 80 हजार. 3 किलोवॅट घेतलं तर 2 लाखांतून 78 हजार जाऊन 1 लाख 22 हजार. दोन्हींत आधी पूर्ण रक्कम भरावी लागते, सबसिडी नंतर बँक खात्यात येते.

मीटर: अर्ज मीटर ज्यांच्या नावावर आहे त्यांच्याच नावे होतो. वडिलांच्या नावानेच अर्ज करायचा आहे, की आधी मीटर तुमच्या नावावर करून घ्यायचं आहे? दोन्ही होतं. नुसतं “वडील” किंवा “मी” लिहिलंत तरी पुरे.’

या मेसेजमध्ये काय नाही, हेही बघण्यासारखं आहे. पीडीएफ नाही, लिंक नाही. नंबर सेव्ह केलेला नसेल तर व्हॉट्सअ‍ॅपवर अनोळखी माणसाने पाठवलेली लिंक बऱ्याचदा दाबताही येत नाही, आणि सबसिडीच्या नावाने फसवणाऱ्या लिंका इतक्या फिरतात की ती न दाबणारा माणूसच शहाणा. भेटीची वेळ मागितलेली नाही. ‘मर्यादित कालावधी’ नाही. पहिल्या मेसेजला उत्तर आलं नाही याचा उल्लेखही नाही, कारण तो केला की माणूस आधी ओशाळतो, आणि ओशाळलेला माणूस आणखी गप्प होतो.

‘आधी पूर्ण रक्कम भरावी लागते’ हे वाक्य काढून टाकावं, असं सहकाऱ्याचं मत पडलं. 80 हजार वाचून आनंदलेला माणूस 1 लाख 40 हजार आधी द्यायचे म्हटल्यावर मागे सरेल, ही त्याची भीती खोटी नव्हती. पण तो मागे सरायचाच असेल तर आत्ता सरलेला बरा. छतावर चढून मापं घेतल्यावर सरला तर आमचा दिवस जातो आणि त्याचा विश्वास.

रात्रीच टिक निळ्या झाल्या. उत्तर आलं नाही. बुधवार तसाच गेला.

गुरुवारी संध्याकाळी साडेसहाला एक फोन केला. तो त्यांनी घेतला नाही, आणि हे अपेक्षितच होतं. अनोळखी नंबर लोक उचलत नाहीत. फोन करायचाच तर त्याआधी किंवा लगेच नंतर एक ओळ लिहून ठेवावी, म्हणजे मिस्ड कॉलला चेहरा मिळतो. म्हणून लिहिलं: ‘सर, मघाशी मीच फोन केला होता, मीटरच्या नावाबद्दल. इथेच लिहून उत्तर दिलंत तरी चालेल.’ पुन्हा पुन्हा फोन केले नाहीत. एकाच संध्याकाळी चार मिस्ड कॉल दिसले की समोरचा ते वसुलीचे फोन समजतो.

त्याच रात्री उशिरा त्यांचा व्हॉइस मेसेज आला. मिनिटभराचा, मागे टीव्हीचा आवाज. त्यातून जे कळलं ते मी टिपून ठेवलं, कारण शांततेची खरी कारणं ग्राहकाच्या तोंडून क्वचितच ऐकायला मिळतात. त्या रविवारी त्यांनी आमच्यासारखेच आणखी दोन फॉर्म भरले होते. त्यांतला एक अशा साइटचा होता जी नंबर गोळा करून वेगवेगळ्या कंपन्यांना देते. सोमवारी सकाळपासून कामाच्या वेळेत त्यांना इतके फोन आले की त्यांनी अनोळखी नंबर घेणंच बंद केलं. आमचा मेसेज त्या गर्दीतला एक समजून सोडून दिला होता. मंगळवारचा मात्र वाचला, कारण त्यात त्यांच्या प्रश्नाचं उत्तर दिसलं. पण लगेच उत्तर लिहिता आलं नाही, कारण आमचा प्रश्नच त्यांना अडला: वडील वारलेले, मीटर कोणाच्या नावावर करायचं हे दोघा भावांत ठरलेलं नाही. धाकटा भाऊ पुण्यात.

शेवटी त्यांनी एक दुरुस्ती केली. म्हणाले, तुम्ही 2 किलोवॅट पुरेल म्हणता, पण उन्हाळ्यात एसी लागतो, एप्रिल-मेचं बिल यापेक्षा बरंच येतं.

मला या प्रकरणातला सगळ्यांत शिकवणारा भाग हाच वाटतो. आमचा अंदाज अपुरा होता, आणि म्हणूनच तो कामाला आला. ‘तुमचा वापर किती?’ असं विचारलं असतं तर त्यांना बिलं काढावी लागली असती. ‘तुमचा वापर अंदाजे इतका’ असं सांगितल्यावर मात्र ते आपणहून दुरुस्त करायला पुढे आले. रिकामी जागा भरायला लोक टाळतात. चुकीचा आकडा दिसला की त्यांना राहवत नाही. अट एकच, अंदाज प्रामाणिक हवा आणि तो अंदाज आहे हे तिथेच लिहिलेलं हवं. माणसाला बोलतं करायला मुद्दाम खोटा आकडा टाकण्याची युक्तीही काहीजण शिकवतात. पहिल्या बिलातच ती उघडी पडते.

त्यानंतर मी फक्त एकाच गोष्टीची मागणी केली: मे महिन्याच्या बिलाचा एक फोटो. तो दुसऱ्या दिवशी आला. उन्हाळ्याच्या महिन्यांत वापर 350 च्या घरात होता, इतर महिन्यांत दोनशेच्या आसपास. वर्षाचं गणित मांडल्यावर 2 आणि 3 दोन्हींना कारणं होती, आणि ती दोन्ही त्यांना लिहून दिली.

पुढची पायरी विक्रीची नव्हतीच. मीटरचं नाव बदलायला काय लागतं, ते महावितरणच्या साइटवरून कसं करता येतं, भावाचं संमतीपत्र कशासाठी, एवढं सांगितलं. त्यातून त्या आठवड्यात आमच्या पदरात काही पडलं नाही. ऑफिसच्या रजिस्टरमध्ये अशा चौकशीपुढे ‘थंड’ लिहायची पद्धत होती. मी तिथे ‘नाव बदल, भावाची संमती बाकी’ असं लिहिलं आणि दिवाळीनंतरची तारीख घातली, कारण पुण्याचा भाऊ दिवाळीला घरी येणार होता. दिवाळीनंतर विचारायला मग सबब शोधावी लागली नाही. संमती मिळाली, नावबदलाचा अर्ज त्यांनी केला. हे लिहिताना तो अर्ज महावितरणकडे आहे, ऑर्डर आमच्याकडे आलेली नाही. येईल असं वाटतं, पण तेव्हा दुसरा कोणी स्वस्त दर घेऊन आला तर तीही गोष्ट आहेच.

प्रत्येक फॉर्ममागे असा बोलका माणूस असतो असं समजू नये. असाच दुसरा मेसेज लिहूनही गप्प राहणारे अनेक असतात. त्यांच्यासाठी मी साधारण दहा-बारा दिवसांनी एकच शेवटचा मेसेज ठेवते: ‘सर, सोलरबद्दलची माहिती पाठवली होती. सध्या विचार नसेल तर हरकत नाही, मी पुन्हा मेसेज करणार नाही. हा नंबर ठेवा, कधी लागलं तर इथेच लिहा.’ आणि खरंच पुन्हा करत नाही. ‘तुमची फाइल बंद करू का?’ असा धमकीवजा शेवटचा मेसेज सध्या बराच चालतो. इंग्रजीत तो कसा वाटत असेल ते असो, मराठीत तो वीज कनेक्शन तोडायच्या नोटिशीसारखा वाचला जातो. आणि त्याने सोलरसाठी दिलेला नंबर इन्व्हर्टर, वॉटर हीटर, इन्शुरन्स यांच्या यादीत टाकणं तर अजिबात नाही. ज्या कामासाठी नंबर दिला त्याच कामापुरता तो वापरावा, हे 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही आहे. पण कायद्याआधी ग्राहकच निकाल देतो: त्याने ब्लॉक करून तक्रार नोंदवली, अशा तक्रारी साठल्या, की व्यवसायाच्या नंबरवर व्हॉट्सअ‍ॅप मर्यादा आणतं.

या प्रकरणानंतर वेबसाइटमध्ये दोन बदल करून घेतले. पहिला, आपोआप जाणारा मेसेज मराठीत आणि तीन ओळींचा झाला. त्यात कुठलीही मागणी नाही. ‘तुमचा प्रश्न मिळाला, आमच्यापैकी एकजण तो वाचून याच नंबरवरून उत्तर देईल’ एवढंच. ‘याच नंबरवरून’ हे मुद्दाम घातलं आहे, नाहीतर यंत्राचा एक, विक्रीवाल्याचा दुसरा आणि साइटवर जाणाऱ्याचा तिसरा असे तीन अनोळखी नंबर एकाच घरात जातात.

दुसरा बदल जास्त कामाचा ठरला. मोठ्या प्रमाणावर, सॉफ्टवेअर जोडून व्हॉट्सअ‍ॅप वापरणाऱ्या कंपन्यांना एक बंधन असतं: ग्राहकाने स्वतः लिहिल्यापासून 24 तासांतच त्याला मोकळ्या शब्दांत उत्तर देता येतं. त्याने लिहिलंच नसेल तर आधी मंजूर करून घेतलेला ठरावीक मजकूरच पाठवावा लागतो. वेबसाइटवरचा फॉर्म म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिणं नव्हे. त्यामुळे फॉर्म भरणाऱ्याला पहिला मेसेज ठोकळेबाज जातो तो काही अंशी यामुळेच, आणि आपला दुसरा, मनाने लिहिलेला मेसेज त्या सॉफ्टवेअरमधून जातच नाही. फोनवरच्या साध्या व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस अ‍ॅपमधून आम्ही हाताने लिहितो त्या मेसेजना हे बंधन नाही, पण अनोळखी नंबरचा अडसर आहेच. दोन्हींवर उपाय एकच: पहिला शब्द ग्राहकाकडून यावा. म्हणून फॉर्म पाठवल्यावर जे ‘धन्यवाद’ पान उघडतं त्यावर एक बटन आलं, ‘उत्तर व्हॉट्सअ‍ॅपवर हवं असेल तर इथे दाबा’. त्यामागची लिंक अशी असते:

```
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=Namaskar%2C%20mi%20solar%20sathi%20form%20bharla%20aahe
```

नंबरच्या जागी देशाच्या 91 सह आपला नंबर, अधिकचं चिन्ह किंवा सुरुवातीचा शून्य न लावता. बटन दाबलं की त्यांच्या फोनवर आमची चॅट उघडते, मजकूर आधीच लिहिलेला असतो, त्यांनी फक्त पाठवायचं. सगळेच दाबत नाहीत. संगणकावरून फॉर्म भरणारे तर हमखास सोडून देतात, कारण तिथे आधी व्हॉट्सअ‍ॅप वेबला फोन जोडावा लागतो. पण जे दाबतात त्यांच्याशी बोलणं त्यांच्याच मेसेजपासून सुरू होतं, आणि जे दाबत नाहीत त्यांच्यासाठी मोकळ्या रकान्यातली ओळ वाचून, हिशेब करून लिहायचं काम आहे तसंच राहतं.